भोवरा थांबतो तेव्हा

प्रश्न: पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुंबलेल्या बस थांब्यावर दोन अनोळखी माणसं अडकतात, अशी लघुकथा लिहितोय. पण दोघं नुसती बोलतच राहतात, कथा पुढे सरकत नाही. काय करू?

उत्तर:

संवाद छाटून फारसं काही होणार नाही. ती दोघं बोलत बसतात कारण तुम्ही त्यांना दुसरं कामच दिलेलं नसणार. पाऊस कथेत आहे, पाणी आहे, पण ते नुसतं भोवती उभं आहे. ते चढलं पाहिजे आणि दर वेळी चढताना त्या दोघांकडची एखादी सोय काढून घेतली पाहिजे. आधी उभं राहायची जागा जाईल, मग बसायची, मग सामान ठेवायची आणि शेवटी निघून जायची. जागा संपत गेली की अनोळखी माणसांनाही एकमेकांशी काहीतरी ठरवावंच लागतं, आणि कथेला तेवढं पुरतं.

त्यासाठी पाणी कसं चढतं हे नीट माहीत हवं. बहुतेक कथांमध्ये ते ‘हळूहळू गुडघ्यापर्यंत’ येतं. तसं ते येत नाही. रस्त्याच्या कडेला फुटपाथची कड असते, साधारण सहा इंच उंच. तिथपर्यंत पाणी भराभर वाढतं, कारण ते रस्त्याच्या पन्हळीत कोंडलेलं असतं. कड ओलांडली की त्याला पसरायला फुटपाथ मिळतो आणि वाढ एकदम मंदावते. इथे माणसांना वाटतं, चला, थांबलं. प्रत्यक्षात ते थांबलेलं नसतं. लेखकाने ही फसवी उसंत सोडू नये असं मला वाटतं. दोन माणसं पहिल्यांदा एकमेकांशी बोलतील तर ती इथे, कारण इथे त्यांचा जीव जरा हलका झालेला असतो.

बाकापर्यंत पाणी यायच्या आधी लाटा येतात. एखादं मोठं वाहन गेलं की पाणी ढकललं जातं, वाहन पुढे निघून जातं आणि मग लाट थांब्यात शिरते. म्हणजे ओलं व्हायच्या आधी क्षणभर कळतं की आपण ओले होणार. अशा क्षणी अनोळखी माणूसही शेजारच्याची पिशवी उचलतो. तुम्हाला ओळख करून द्यायचीच असेल तर ती अशी करून द्या. नाव-गाव विचारण्यापेक्षा ते बरं.

तिसरी गोष्ट गटाराची, आणि माझ्या मते सगळी कथा तिच्यात आहे. पहिल्या पावसातच इतकं पाणी का तुंबतं? कोरड्या महिन्यांत साचलेला पाला, माती, प्लास्टिक हे सगळं पहिल्या जोरदार सरींबरोबर वाहत येऊन जाळ्यांवर बसतं. तरीही कुठेतरी झाकण फुटलेलं, सरकलेलं असतं आणि तिथून पाणी आत जात राहतं. वर भोवरा दिसतो. कचरा गोल फिरतो आणि दिसेनासा होतो. पण खालचं गटार गच्च भरलं की पाणी आत जाणं बंद होतं. कधी आधी थोडे बुडबुडे येतात, मग भोवरा थांबतो आणि वरचं पाणी सपाट होतं. भोक तिथेच असतं, फक्त ओळखायची खूण गेलेली असते. धोका सगळ्यात जास्त असताना पाणी सगळ्यात शांत दिसतं.

आता या एका गोष्टीवर कथा कशी उभी राहील, ते करून दाखवतो. माणसं दोन: पन्नाशीची एक बाई, कपडे शिवून देणारी, हातात तयार कपड्यांची प्लास्टिकची मोठी पिशवी आणि लांब दांड्याची छत्री. दुसरा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, हातात कागदपत्रांची फाइल, अकरा वाजता मुलाखत. नावं दिली नाहीत तरी चालतील.

सुरुवातीला मुलगा फोनमध्ये आहे. बाई रस्त्याकडे बघतेय, कारण तिच्याकडे बघायला दुसरं काही नाही. थांब्यापासून चार पावलांवर पाणी गोल फिरतंय. एक रबरी चप्पल वाहत येते, दोनदा फिरते आणि आत जाते. बाईला गंमत वाटते. ती दुसरी चप्पल येते का बघते. ही तीन-चार वाक्यं कथेत अगदी सहज यायला हवीत; वाचकाला इथे धोका दिसता कामा नये, नुसती कंटाळलेली बाई दिसावी.

मग पाणी कड ओलांडतं. मुलगा बाकावर पाय घेतो. लाट येते, तो बाईची पिशवी उचलून बाकावर ठेवतो आणि पुन्हा फोनमध्ये जातो. ती म्हणते, “थँक्यू हं.” एवढंच. आणखी थोड्या वेळाने दोघंही बाकावर उभी आहेत. बाकाची उंची दीड फूट, रुंदी जेमतेम पाऊल मावेल इतकी. एकाने वजन बदललं की दुसऱ्याला खांब धरावा लागतो. पाऊस जरा उतरतो. रस्त्याच्या पलीकडच्या उंच बाजूला एक बस येऊन उभी राहते, दिवे लावून.

“मी निघतो,” मुलगा म्हणतो. “गुडघाभरच आहे.”

“तिकडून नका जाऊ. तिथे भोवरा होता.”

“कुठे? काही तर दिसत नाही.”

“मघाशी होता.”

“मग बुजलं असेल मावशी.”

“बुजलं नाही. भरलंय.”

मुलगा हसतो. त्याला उशीर झालाय आणि सांगणारी बाई त्याची कोणी लागत नाही. तो फाइल डोक्यावर धरून खाली उतरतो. इथे बाईने काय करावं? तिने आरडाओरडा केला किंवा त्याचा हात धरला की कथा ओळखीच्या रुळावर जाते. तिने वर स्वतःची एखादी जुनी दुःखद हकीकत सांगितली तर मी वाचणं सोडून देईन. तिला पुरावा द्यायचाय आणि पुराव्याला तिच्याकडे एकच वस्तू आहे. ती छत्री मिटते. पाऊस अजून पडतोय, ती भिजते, आणि छत्री त्याच्यापुढे धरते.

“अरे, आधी ही टेकवत जा. मग पाय टाक.”

तो तिचं मन राखायला घेतो. पहिलं पाऊल, छत्रीचं टोक डांबराला लागतं. दुसरं, लागतं. तो मागे वळून बघतो, बघा मावशी अशा चेहऱ्याने. तिसऱ्यांदा टेकवताना टोकाला काहीच लागत नाही. छत्री जाते, दांडा जातो, मनगट पाण्यात जातं, आणि तो हात सोडून देतो.

पुढच्या दोन मिनिटांत कोणीही काही बोलायचं नाही, हे मी ठामपणे सांगेन. तो मागे येतो, बाकावर चढतो, बस सुटते. बाई पिशवीची गाठ सोडते. तो फाइल कपड्यांवर ठेवतो, ती गाठ पुन्हा मारते. त्याने ‘तुम्ही माझा जीव वाचवलात’ म्हणायचं नाही. म्हणालाच तर, “छत्री गेली तुमची,” एवढं म्हणावं. आणि ती म्हणेल, “गेलीच.” तिला छत्रीचं वाईट वाटू द्या. ती संत नाही. चांगली छत्री होती.

लक्षात घ्या, बाईला जे कळलंय ते वाचकाच्या डोळ्यांसमोरच कळलंय. ती गटारखात्यात काम करायची, किंवा तिच्या घरातलं कोणी असंच गेलं, अशी जोड दिली असती तर तिचं शहाणपण बाहेरून आणल्यासारखं झालं असतं. इथे दोघंही एकाच वेळी त्याच थांब्यावर होती, एक बघत होती आणि एक नव्हता. त्यामुळे मुलाचा अविश्वासही मूर्खपणाचा वाटत नाही. त्याने भोवरा पाहिलेलाच नाही. समोरच्या सपाट पाण्यावर त्याने विश्वास ठेवला तर त्यात चूक काय?

तुमचा पुढचा प्रश्न बहुधा शेवटाचा असेल. पाऊस थांबला, ऊन पडलं, दोघं दोन दिशांना गेली, हा शेवट करू नका; तो हवामानाने केलेला शेवट असतो. गटाराकडेच परत बघा. पाणी ओसरायला लागतं ते आधी दिसतं कुठे? भिंतीवर नाही, तिथे ओली रेघ उशिरा कळते. गटारात जागा झाली की भोवरा पुन्हा सुरू होतो. आता तो दोघांनाही दिसतो, आणि या वेळी मुलगा आधी बोट दाखवतो. पण पाणी उतरेपर्यंत त्या रस्त्याने दुसरी माणसं येणार, त्यांनी भोवरा पाहिलेला नसणार. थांब्यामागे तुटून पडलेली फांदी आहे. तो ती ओढून आणतो, ती बाकावरून दिशा सांगते, “जरा डावीकडे, अजून, बस,” आणि लांबूनच तो फांदीचं बूड भोकात रोवतो. पाने वर राहतात. पहिल्यांदा ती तिरकी पडते, पुन्हा लावावी लागते. मुलाखतीची वेळ टळून गेलेली आहे, तिचे कपडे कोरडे आहेत की नाहीत हे तिने अजून पाहिलेलं नाही. मी इथे थांबेन. तुम्हाला त्याची मुलाखत नंतर झाली का हे सांगावंसं वाटेल, ते सांगू नका.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. ही रचना दोनच माणसांत आणि थोड्या वेळात चालते. तिसरा माणूस थांब्यावर आणलात तर कोणीतरी कोणाची तरी बाजू घेतं आणि छत्रीची गरजच राहत नाही. वेळ तासाच्या वर नेलात तर माणसं आपोआप गप्पांवर येतात आणि तुम्ही पुन्हा जिथे अडकलात तिथेच पोचता. पहिल्या परिच्छेदात मातीचा वास वगैरे लिहिला असेल तर तोही काढा. तो पहिल्या थेंबांचा असतो. रस्ता तुंबेपर्यंत नाकाला गटाराचाच वास येतो.

मसुदा तपासायला मी एक करतो: सगळे संवाद झाकून फक्त पाण्याची वाक्यं ओळीने वाचतो. कड, लाट, बाक, सपाट पाणी, पुन्हा भोवरा, असा क्रम त्यातून कळत असेल तर संवाद परत उघडतो आणि ज्या वाक्यानंतर कोणी हललेलं नाही ते खोडतो. तुमच्या कथेत पहिल्या फेरीत निम्मे संवाद जातील असा माझा अंदाज आहे. बाकीचे पुन्हा लिहिताना त्या बाकाची रुंदी विसरू नका. इतक्या अडचणीत उभं राहून कोणी लांबलचक वाक्यं बोलत नाही.