कुठली गोळी ते तर सांगा

प्रश्न: गोळी सकाळी जेवणाआधी घ्यायची की नंतर? काल विसरली, आज दोन एकदम घेतल्या तर चालेल का? लवकर सांगा.

दोन एकदम घेऊ नका. बाकीचं मला सांगता येत नाही, आणि खाली ज्यांनी तीन ओळींत सांगून टाकलंय त्यांनाही येत नसणार. गोळीचं नाव नाही, वय नाही, कशासाठी आहे ते नाही.

माझं सांगलीत मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. हाच प्रश्न एकदा वहिनीने, म्हणजे मावसभावाच्या बायकोने, फोनवर विचारला होता. गणपतीचे दिवस, काउंटरवर ही गर्दी. "भावजी, सासूबाईंची ती बारीक पांढरी गोळी खाण्याआधी की नंतर?" मावशीचे गुडघे तेव्हा धरले होते, वेदनाशामक आणि कॅल्शियम नुकतंच चालू झालं होतं. मी गृहीत धरलं, दुखण्याचीच गोळी असणार. म्हटलं, "नंतर दे, उपाशीपोटी नको, पित्त होईल." फोन ठेवला. अर्धं मिनिटही लागलं नाही.

ती गोळी थायरॉइडची होती. मावशी सहा वर्षं ७५ मायक्रोग्रॅमची गोळी उठल्याउठल्या नुसत्या पाण्याबरोबर घेत होती आणि तिचा टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, तीनच्या आसपास, ठीकठाक असायचा. गोळ्या वाढल्यावर घरात गोंधळ झाला, म्हणून वहिनीने विचारलं, आणि माझ्या शब्दावर ती गोळी नाश्त्यानंतर गेली.

अडीच महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेलो तर सकाळी ताटलीत पोहे, शेजारी चहा आणि एका वाटीत तिन्ही गोळ्या. त्यात कॅल्शियमची ती भलीमोठी गोळीही. कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतं, ती रक्तात नीट उतरत नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं, लोहाच्या गोळीचंही तसंच. चहा आणि खाण्यानेही ती कमी शोषली जाते, म्हणून ती घेतल्यावर अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नसतं. मावशीचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, दिवसभर झोप, पोट साफ नाही. टीएसएच चौदावर गेलेला. शरीराला हार्मोन कमी पडलं की टीएसएच चढतो. डॉक्टरांना वाटलं डोस पुरत नाही, त्यांनी १०० केला. गोळी कशाबरोबर घेता, हे त्यांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

इथे मी दुसरी चूक केली. त्याच दिवशी गोळी परत उपाशीपोटी करायला लावली, पण डॉक्टरांना फोन करा असं म्हटलं नाही. आता वाढवलेला डोस पूर्णच्या पूर्ण अंगात उतरायला लागला. महिन्याभरात छातीत धडधड, हात थरथरायला लागले, रात्रीची झोप गेली. टीएसएच ०.१. मग डोस परत ७५ झाला, आणि सहा-सात आठवड्यांनी पुन्हा तपासल्यावर गाडी रुळावर आली. (हे औषध अंगात हळूहळू साठतं आणि हळूहळू उतरतं, त्यामुळे बदलाचा परिणाम आठवड्यात कळत नाही.)

दादा, म्हणजे मावशीचा मुलगा, मला नेहमी म्हणायचा, "तू गिऱ्हाइकाला पोलिसासारखे प्रश्न विचारत बसतोस. सरळ सांगायला काय जातं?" दादा, मी एकदाच सरळ सांगितलं होतं, आणि ते तुझ्याच आईबद्दल. आता रांग लागली तरी चालेल, मी नाव विचारतोच. कुणी चिडून पलीकडच्या दुकानात गेलं तर जाऊ दे.

"विसरली" म्हणजे काय, हेही औषधावर ठरतं. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या दोन घेतल्या आणि त्यात चतुर्थीचा उपास असला तर माणूस घाम फुटून चक्कर येऊन पडतो. मेथोट्रेक्सेट सांधेवातासाठी आठवड्यातून एकदाच असतं. ते रोजचं समजून घेतलेल्यांच्या जिवावर बेतलेलं आहे.

आणि हो, वर मी ठासून "दोन नको" म्हटलंय, त्यालाही अपवाद आहे. गर्भनिरोधक गोळी एक दिवस चुकली तर आठवताच घ्यायची असते, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी. थायरॉइडचीही सकाळचीच वेळ हवी असं नाही, काहींना डॉक्टर रात्री जेवणानंतर तीन तासांनी देतात. तेव्हा मावशीचं वेळापत्रक उचलून आपल्या घरात लावू नका.

तुम्ही पाकीट बघून नाव आणि मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम ते लिहा, वय लिहा, सोबत आणखी काय चालू आहे तेही. मग मी बोलतो, नाहीतर जिथून घेतली त्या दुकानात फोन करा. दुकानदाराने पट्टी कापून चारच गोळ्या दिल्या असतील तर नाव बहुतेक त्याच्याकडच्या तुकड्यावर राहिलं असेल, तेव्हा बिल शोधा.