स्टायलिस्टला रेफरन्स लेटरमध्ये काय लिहावं?

माझ्या सलूनमधली स्टायलिस्ट स्वतःचा स्टुडिओ काढतेय, लेटरमध्ये काय लिहून देऊ?

मेहनती, प्रामाणिक वगैरे एका ओळीत उरका, कारण हे लेटर वाचणार जागेचा मालक नाहीतर लोन देणारा, त्याला बघायचं असतं की ही एकटीने धंदा सांभाळेल का. म्हणून तिने स्वतः निभावलेलं एक अवघड काम नीट लिहा, जसं की घरी काळा रंग लावून आलेल्या क्लायंटचं कलर करेक्शन, तिने 48 तास आधी पॅच टेस्ट केली, मग एका बटेवर ब्लीच लावून बघितलं, केस ताणल्यावर तुटायला लागले म्हणून एका दिवसात न उरकता दोन सिटिंग घेतल्या आणि क्लायंटला ते पटवूनही दिलं. यातून हात आणि डोकं दोन्ही दिसतं. अपॉइंटमेंट, स्टॉक, हिशोब बघत असेल तर तेही टाका. किती वर्षं, कोणत्या पोस्टवर आणि तुमचा फोन नंबर हवाच. स्टुडिओ नक्की चालेल असं मात्र लिहू नका, तुम्ही फक्त बघितलेल्या कामाबद्दलच खात्रीने बोलू शकता.