मूळ फाईल बघितल्याशिवाय आकडा नाही

प्रिय पोरा,

तुझा मेसेज काल रात्री अकराला आला. खानापूरच्या त्या ताईंनी भावाच्या लग्नाचे अडतीस फोटो पाठवले, मागचं सगळं काढून गोकाकचा धबधबा टाकायला सांगितला, आणि तू फोनवरच बोलून बसलास: फोटोला शंभर रुपये, दोन दिवसांत देतो. आता चार फोटो करून बघितलेस आणि पहाट झाली. 'सर, त्यांना मेल लिहायचा आहे, पण काय लिहू तेच कळत नाही,' असं तू विचारलंस.

मेल मी खाली लिहून देतो. पण आधी एक सांग, फाईली न बघता आकडा तोंडातून निघालाच कसा? माझ्याकडे दोन वर्षं बसलास तेव्हा मी हेच सांगत होतो ना? मूळ फाईल बघितल्याशिवाय आकडा नाही.

'फक्त मागचंच तर बदलायचंय,' असं ताई म्हणाल्या असतील. बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानात बसून बावीस वर्षं मी हे वाक्य ऐकतोय. त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्यांना मागचं दिसतं, आपल्याला कड दिसते. मागचं बदलायला दोन मिनिटं लागतात, सगळा वेळ जातो तो माणसाच्या कडेत.

तू पाठवलेला नवरीचा फोटो मी स्क्रीनवर दोनशे टक्क्यांवर उघडला. कानामागची सुटलेली बट, कपाळावरून लोंबणाऱ्या मुंडावळ्या आणि मागे नारळाच्या झावळ्या. मोत्याची लड जिथे हिरव्यावर येते तिथे मोती गोल उरलेलेच नाहीत, चौकोनी ठिपके झालेत. लाल शालूच्या काठाचा रंग बाहेरच्या हिरव्यात दोन-तीन पिक्सेल ओघळलाय. फाईलचं नाव वाचलं: `IMG-20250518-WA0023.jpg`. आकार १८० केबी, लांब बाजू १६०० पिक्सेल. नावातलं ते `WA` दिसलं की पुढचं बघायचीही गरज नाही. फोटो व्हॉट्सअॅपवरून आलाय, कॅमेऱ्यातून नाही.

नेमकं काय बिघडतं ते समजून घे, म्हणजे ताईंना सांगता येईल. जेपेग करताना फोटोचे आठ-आठ पिक्सेलचे चौकोन पाडून बारकावे टाकले जातात. उजेडापेक्षा रंगाची माहिती जास्त टाकतात, कारण साध्या डोळ्याला ते जाणवत नाही. पण आपण कटिंग करतो ते बऱ्याचदा रंगाच्या फरकावरच. हिरवं कुठे संपलं आणि लाल कुठे सुरू झालं हेच फाईलला आठवत नसेल, तर तू पेन टूलने कितीही बारीक फिरलास तरी कड अंदाजाचीच राहणार. मग डोक्याभोवती हिरवट रेघ राहते. ती घालवायला कड आत घेतली की केस जातात आणि टोपी घातल्यासारखं डोकं दिसतं. मूळ फाईलमध्ये ज्या बटेला दहा मिनिटं लागतील, तिला इथे चाळीस लागतात, आणि तरी ती खोटीच वाटते.

वर छपाई आहे. ताईंना बारा बाय अठरा इंची पानांचा अल्बम हवा आहे. तीनशे डीपीआयने, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, त्या पानाला लांबीकडून ५४०० पिक्सेल लागतात. १६०० पिक्सेलचा फोटो त्या दर्जाने जेमतेम सव्वापाच इंच छापता येतो. मोबाइलवर छान दिसेल, अल्बममध्ये कटिंग उघडं पडेल.

आता रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाईल, कधी मागायची ते ऐक, कारण तू सरसकट सगळ्यांची मागायच्या विचारात दिसतोस. नुसत्या कटिंगला कॅमेऱ्यातली पूर्ण आकाराची जेपेग पुरते. रॉ लागते ती रंगासाठी. ताईंकडचे निम्मे फोटो अंगणातल्या पिवळ्या कापडाच्या मांडवाखालचे आहेत. तो पिवळा उजेड नवरदेवाच्या पांढऱ्या धोतरावर, गालावर, सगळीकडे बसलाय. मागे मांडव आहे तोवर डोळ्याला खटकत नाही. मागे धबधब्याचं राखाडी-निळं पाणी आलं की दोघंही हळद न धुता उभे राहिल्यासारखे दिसतात. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स नव्याने बसवता येतो. जेपेगमध्ये तो भाजून पक्का झालेला असतो. पिवळा ओढून काढलास तर ओठ आणि कुंकूही फिकं पडतं. म्हणून मांडवातल्या फोटोंच्या रॉ माग, बाहेरच्यांच्या जेपेग चालतील. लग्न ज्या फोटोग्राफरने काढलं त्याच्याकडून त्या ताईंनीच मागवायच्या. तो रॉ देईल किंवा देणार नाही, ती त्याची मर्जी. नाही दिली तर रंग शंभर टक्के जुळणार नाही, हे आधीच लिहून टाक.

आणि गोकाकचा हट्ट. तिथे घटप्रभा नदी दुथडी भरून कोसळते ती पावसाळ्यात, ढगाळ, मऊ उजेडात. लग्न मे महिन्यातलं, दुपारी साडेबाराचं. मांडवाबाहेरच्या फोटोंत नाकाखाली, हनुवटीखाली काळीभोर सावली पडलीय. मागे धुकट आभाळ आणि पुढे रणरणतं ऊन, हे कितीही सुबक कापलंस तरी बघणाऱ्याला खटकणारच, का खटकतं ते त्याला सांगता आलं नाही तरी. त्या फोटोंसाठी उन्हातलंच मागचं घे. यळ्ळूरच्या राजहंसगडावर जा, सूर्य त्याच बाजूला येईल अशा वेळी तटबंदीचा फोटो काढ, कॅमेरा छातीच्या उंचीवर धरून. लग्नाच्या फोटोंत कॅमेरा त्याच उंचीवर आहे, म्हणजे क्षितिज माणसांच्या छातीशीच येईल. धबधबा मांडवातल्या, मऊ उजेडातल्या फोटोंना ठेव. इंटरनेटवरून उचललेला धबधबा घेऊ नकोस. तो दुसऱ्याचा फोटो आहे, आणि छपाईला बहुधा पुरणारही नाही.

मी यावर इतका का अडून बसतो, ते तुला कधी सांगितलं नव्हतं. दुकान सुरू केलं तेव्हा हार्ड डिस्क महाग होती. अल्बम दिला की मी मूळ फाईली पुसून टाकायचो. वडगावातल्या एका घरचं लग्न काढलं होतं. त्यात घरची आजी, डोक्यावर पदर घेतलेली, मागे टेबलावर जेवणाच्या पत्रावळ्यांचा ढीग. सहा वर्षांनी आजी गेली. मुलगा आला, म्हणाला, आईचा हा एकच चांगला फोटो आहे, मागचं काढून भिंतीवर लावायला मोठा करून द्या. मी लगेच पैसे सांगितले, परवा न्या म्हणालो. मग शोधायला बसलो, तर माझ्याकडे उरली होती अल्बमच्या डिझाइनमधली बोटभर प्रत. दोन रात्री बसलो. पदराची कड मी अक्षरशः रंगवून काढली. मुलाने फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, 'आई अशी नव्हती.' पैसे ठेवून गेला. ते घ्यायला नको होते.

त्या दिवसापासून मी फाईली पुसत नाही आणि न बघता आकडा सांगत नाही. त्यापायी गिऱ्हाईकं गेली. लोक म्हणतात, हा माणूस साधा भावसुद्धा सांगत नाही. म्हणू देत. मी भाव सांगतो, फाईल बघून सांगतो, आणि सांगितला की बदलत नाही. ज्यांनी फोनवर शंभर सांगून नंतर अडीचशे घेतले त्यांच्यापेक्षा मी महाग नाही.

आता तुझा हिशेब. अडतीस फोटो मी तीन ढिगांत टाकले. वीस सोपे आहेत: कमरेपर्यंतचे, केस बांधलेले, प्रत्येकी पंधरा मिनिटं. बारा मधले: सुटे केस, मुंडावळ्या, झिरझिरीत पदर, प्रत्येकी पाऊण तास. सहा अवघड: पूर्ण उभे, पाय जमिनीवर. त्यात नव्या जमिनीवर सावली बसवावी लागते, टाचेला गडद आणि पुढे विरत जाणारी, नाहीतर माणूस तरंगतो. त्याला प्रत्येकी दीड तास. हे सगळं मूळ फाईली मिळाल्या तर. एकूण तेवीस तास होतात. तुझे ३८०० रुपये तेवीस तासांना भागून बघ, तासाला १६५ येतात. त्यात वीज आणि दुकानाचं भाडंही तूच भरायचं.

मेल असा लिही:

'नमस्कार ताई,

फोनवर मी फोटोला शंभर रुपये आणि दोन दिवस सांगितले, ते फाईली न बघता सांगितले. चूक माझी आहे. आता सगळे फोटो नीट बघून लिहितो आहे.

तुम्ही पाठवलेले फोटो व्हॉट्सअॅपवर लहान झाले आहेत. त्यावर काम केलं तर अल्बममध्ये केसांच्या आणि पदराच्या कडा खराब दिसतील. कृपया फोटोग्राफरकडून मूळ फाईली मागवा: मांडवातल्या फोटोंच्या रॉ (नावाच्या शेवटी `.CR3`, `.NEF` किंवा `.ARW` असतं), बाकीच्यांच्या कॅमेऱ्यातल्या पूर्ण आकाराच्या जेपेग. पेनड्राइव्हवर द्या किंवा ड्राइव्हची लिंक पाठवा. व्हॉट्सअॅपच वापरायचं असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दर असे आहेत: वीस सोपे फोटो प्रत्येकी १५० रुपये, बारा मधले ४००, सहा पूर्ण उभे ८००. एकूण १२,६०० रुपये. आधी सांगितलेल्या ३८०० मध्येच बसवायचं असेल तर वीस सोपे आणि दोन मधले होतील. ते कुठले, तुम्ही निवडा.

मूळ फाईली हातात आल्यावर आणि मागचं दृश्य तुम्ही पक्कं केल्यावर कामाचे आठ दिवस लागतील. आधी दोन फोटो नमुन्याला करून पाठवतो, ते पसंत पडले की पुढचे. एकदा दुरुस्ती फुकट. सगळं झाल्यावर मागचं दृश्यच बदलायचं ठरलं तर निम्मा दर पडेल, कारण उजेड आणि सावली पुन्हा जुळवावी लागते.

उन्हातल्या फोटोंना धबधबा शोभणार नाही. त्यांच्यासाठी गडाच्या तटबंदीचा फोटो काढून नमुना पाठवतो.'

आठ दिवस कुठून आले, विचारशील. तेवीस तास म्हणजे दुकान सांभाळून रोज चार तास बसलास तर सहा दिवस, आणि दोन दिवस नमुना आणि दुरुस्तीला. मोजणी फाईली आल्यापासून, हे वाक्य मेलमधून कधीही गाळू नकोस. त्यांच्या फोटोग्राफरने आठवडा लावला तर तो आठवडा तुझ्या नावावर नको.

ताई चिडतील बहुतेक. चिडल्या तर फोन उचल, आवाज चढवू नकोस, नवरीच्या कानामागची ती बट मोठी करून दाखव. बटेकडे बघितल्यावर समजून घेतात माणसं. त्या आत्तापर्यंत केलेल्या चार फोटोंचे पैसे मागू नकोस.

मेल आजच पाठव, उद्यावर नको. मूळ फाईली आल्या की सहा उभे फोटो घेऊन रविवारी दुकानात ये. पायाखालची सावली कशी बसवायची ते एकात मी करून दाखवतो, उरलेले पाच तू कर.

तुझा,
सर