डीएनएसचा दुसरा पत्ता हा राखीव खेळाडू नसतो

प्रश्न: प्रॉक्समॉक्सवर छोट्या कंटेनरमध्ये पाय-होल चालवतोय. राउटरमध्ये पहिला डीएनएस पाय-होलचा आणि दुसरा 8.8.8.8 दिलाय. तरी फोनवर जाहिराती कधी येतात, कधी येत नाहीत. दुसरा काढला तर सर्व्हर बंद झाल्यावर घरात कुणालाच नेट मिळत नाही. काय करू?

उत्तर: तो 8.8.8.8 आजच काढा. जाहिराती अधूनमधून दिसतात त्या बहुतेक त्याच्यामुळेच. सर्व्हर बंद पडला की नेट जातं, त्याचा बंदोबस्त वेगळा करायचा असतो.

राउटर दोन पत्ते वाटतो तेव्हा आपल्याला वाटतं की पहिला पडला तरच दुसऱ्याला विचारलं जाईल. तसा कुठलाही नियम फोनवर किंवा लॅपटॉपवर बंधनकारक नाही. पहिल्याकडून उत्तर यायला जरा उशीर झाला तरी काही उपकरणं दुसऱ्याकडे वळतात. लिनक्सवरचं `systemd-resolved` एकदा दुसऱ्याकडे वळलं की तो अडेपर्यंत त्यालाच विचारत राहतं. पाय-होलने अडवलेलं नाव 8.8.8.8 आनंदाने सांगून टाकतो, आणि जाहिरात उघडते. म्हणून राउटर जे पत्ते वाटेल, ते सगळे गाळणारेच हवेत.

राउटरमध्ये डीएनएस लिहायच्या जागा दोन असतात, तेही एकदा पाहून घ्या. एक इंटरनेटच्या, म्हणजे वॅनच्या पानावर असते आणि दुसरी लॅनच्या डीएचसीपीच्या पानावर. आपल्याला दुसरी हवी. वॅनच्या पानावर लिहिलंत तर घरातली सगळी उपकरणं राउटरला विचारतात आणि राउटर पाय-होलला विचारतो. मग पाय-होलच्या क्वेरी लॉगमध्ये सगळीकडे एकटा राउटरच दिसतो. शिवाय एका उपकरणाकडून ६० सेकंदांत १००० पेक्षा जास्त प्रश्न आले तर पाय-होल मुळातच त्याला नकार देतो. सगळ्या घराचे प्रश्न एकाच नावावर आले की ही मर्यादा लवकर गाठली जाते आणि नेट मध्येच अडकल्यासारखं होतं.

हे बदलल्यावर फोनचं वायफाय बंद करून पुन्हा सुरू करा, नाहीतर जुनी लीज संपेपर्यंत तो जुनेच पत्ते वापरतो. मग विंडोजच्या लॅपटॉपवर हे दोन प्रश्न विचारा (पाय-होल 192.168.1.5 वर आहे असं धरलंय):

```
nslookup ad.doubleclick.net 192.168.1.5
nslookup ad.doubleclick.net
```

पहिल्याचं उत्तर 0.0.0.0 आलं म्हणजे पाय-होल नीट गाळतोय. दुसऱ्यात मात्र खरा पत्ता आला, तर लॅपटॉप भलत्यालाच विचारतोय. कुणाला, ते उत्तराच्या वरच्या ओळींत लिहिलेलं असतं. तिथे `fe80` किंवा `2` ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला तर गळती आयपीव्ही६ मधून आहे.

आपल्याकडच्या ब्रॉडबँडवर ही गळती फार नेहमीची आहे. कंपनीने दिलेला राउटर आयपीव्ही६ वर स्वतःलाच डीएनएस म्हणून जाहीर करतो, आणि तुम्ही डीएचसीपीत केलेला बदल फक्त आयपीव्ही४ पुरता असतो. अँड्रॉइड राउटरच्या या घोषणेतून डीएनएसचा पत्ता उचलतो. म्हणून लॅपटॉप स्वच्छ आणि फोनवर जाहिराती, असंही दिसू शकतं.

राउटरमध्ये आयपीव्ही६ चा डीएनएस जाहीर करणं बंद करायची सोय असेल तर तेवढंच बंद करा. आयपीव्ही६ वरच्या साइट त्याने बंद पडत नाहीत, कारण आयपीव्ही४ वरून विचारलं तरी पाय-होल आयपीव्ही६ चे पत्ते देतो. कंपनीच्या अनेक राउटरांत ही सोय नसते. मग लॅनवरचं आयपीव्ही६ पूर्ण बंद करणं किंवा त्याच्यामागे ओपनडब्ल्यूआरटीसारखा स्वतःचा राउटर लावणं, हे दोन मार्ग उरतात. मी दुसरा घेतला. बाहेरून घरच्या सर्व्हरवर यायचं असेल आणि कंपनीने आयपीव्ही४ चा पत्ता अनेक ग्राहकांत वाटून दिलेला असेल, तर आयपीव्ही६ हाच थेट आत यायचा रस्ता असतो. तो बंद करू नये असं मला वाटतं.

आता सर्व्हर बंद पडण्याचं. कंटेनरला फार काही लागत नाही: एक कोर, ५१२ एमबी मेमरी आणि ४ जीबी डिस्क पुरते. २०२५ मध्ये आलेल्या पाय-होल ६ पासून वेब सर्व्हरही त्याच्या आतच आहे, त्यामुळे वेगळं लाइटटीपीडी किंवा पीएचपी लागत नाही. खरं लक्ष द्यायचं ते सुरू होण्याच्या क्रमाकडे:

```
pct set 105 --onboot 1 --startup order=1,up=15
pct set 105 --nameserver 1.1.1.1
```

इथे कंटेनरचा क्रमांक 105 धरलाय. पहिल्या ओळीने हा कंटेनर सगळ्यांच्या आधी उठतो आणि पुढचा कंटेनर किंवा व्हीएम १५ सेकंद थांबतो. दुसऱ्या ओळीने कंटेनर स्वतःच्या कामासाठी स्वतःला विचारत नाही. नाहीतर पाय-होल बिघडला की तो दुरुस्त करायला लागणारी पॅकेजंही उतरत नाहीत. याच कारणासाठी प्रॉक्समॉक्सच्या मूळ यंत्राचा डीएनएसही पाय-होलकडे वळवू नका. कंटेनरचा पत्ता स्थिर हवा आणि राउटरच्या डीएचसीपीच्या वाटपाबाहेरचा हवा. बायोसमध्ये वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हायची सोय असते, ती चालू करा. लाइट जाते तिथे राउटर इन्व्हर्टरवर आणि सर्व्हर थेट मेनवर असेल, तर दर वेळी वायफाय असूनही नेट नाही अशी तक्रार येणारच.

एवढं करूनही प्रॉक्समॉक्स अपडेट करून रीबूट केला की काही मिनिटं डीएनएस नसतो. तेही नको असेल तर दुसरा पाय-होल ठेवा, पण दुसऱ्या यंत्रावर. एकाच सर्व्हरवर दोन कंटेनर ठेवून उपयोग नाही, दोन्ही एकदमच जातात. जुना रास्पबेरी पाय पुरतो. पहिल्याच्या टेलिपोर्टरमधून फाइल काढून दुसऱ्यात चढवली की याद्या आणि अपवाद सारखे होतात. मग राउटरच्या त्या दुसऱ्या रकान्यात याचा पत्ता लिहा. कुणी कुणालाही विचारलं तरी नाव गाळूनच येईल.

इतकं झाल्यावर एखाद्याच फोनवर जाहिराती उरल्या, तर त्याच्या सेटिंगमधलं प्रायव्हेट डीएनएस पाहा. तिथे `dns.google` असं नाव लिहिलेलं असेल तर तो फोन तुमच्या नेटवर्कच्या डीएनएसला विचारतच नाही. ‘ऑटोमॅटिक’ ठेवलं तर चालतं: तो आधी पाय-होललाच एन्क्रिप्टेड रीतीने विचारून पाहतो आणि ते जमत नाही म्हणून साध्या डीएनएसवर येतो. यूट्यूबच्या जाहिराती मात्र या मार्गाने जाणार नाहीत. त्या व्हिडिओच्याच डोमेनवरून येतात, आणि डीएनएसला फक्त नाव दिसतं, त्यामागून काय येतंय ते दिसत नाही. त्यासाठी ब्राउझरमध्येच ब्लॉकर घालावा लागतो.