डिटेक्टिव्ह कोनान: १२९ आणि १३६ हा एकच भाग

प्रश्न: जपानी यादीत हायबारा १२९व्या भागात येते, पण मी १२९ लावला तर भलतीच केस सुरू झाली. 'केस क्लोज्ड' ही वेगळी मालिका आहे का? आणि याचे सीझन किती?

उत्तर: १३६ लावा, तिथे हायबारा भेटेल.

मालिका एकच आहे. जपानमध्ये ती ८ जानेवारी १९९६ला सुरू झाली. अमेरिकेत कायदेशीर कारणांमुळे मूळ नाव वापरता आलं नाही, म्हणून तिथे ती 'केस क्लोज्ड' झाली.

आकड्यांचा घोळ स्पेशल भागांमुळे होतो. जपानमध्ये एक तासाचा किंवा दोन तासांचा स्पेशल लागला तरी यादीत तो एकच भाग धरतात. बाहेर दाखवताना त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करतात आणि प्रत्येकाला वेगळा क्रमांक देतात. पहिला असा स्पेशल म्हणजे ११वा भाग, 'मूनलाइट सोनाटा'ची केस. त्याचे दोन झाले, म्हणून तिथून पुढे एकाचा फरक. ५२, ७६ आणि ११८ हेही एकेक तासाचे, तर ९६ दोन तासांचा, म्हणजे त्याचे चार तुकडे. सगळं मिळून सात क्रमांक वाढले आणि १२९चा १३६ झाला. तो भागसुद्धा दोन तासांचा आहे, त्यामुळे १३६ ते १३९ सलग बघा, मध्ये थांबू नका. त्याच्यापुढे फरक आणखी तीनने वाढतो.

जुनं अमेरिकन इंग्रजी डबिंग १३० भागांचं आहे, म्हणजे जपानी यादीतले १२३. ते हायबाराच्या आधीच थांबतं. त्यात शिनिचीचा जिमी, रानची रेचेल आणि हेजीचा हार्ली झालाय. भागांची नावंही बदलली आहेत. पहिल्या भागाचं जपानी नाव सरळ 'रोलर कोस्टर खून प्रकरण' असं आहे, डबमध्ये ते 'द बिग श्रिंक'. खुनावरचं लक्ष काढून शिनिची लहान होतो यावर नेलंय, आणि पुढची कलाटणी शीर्षकातच फोडली आहे. मला हे अजिबात पटत नाही. म्हणून भाग शोधताना नावावर विसंबू नका, मेलेला माणूस आणि जागा जुळते का ते बघा.

सीझन मोजत बसू नका. जपानमध्ये मालिका वर्षभर चालूच असते, सीझनचे कप्पे डीव्हीडीवाल्यांनी आणि ॲपवाल्यांनी आपापल्या सोयीने पाडलेत. कथानकाच्या हिशोबाने बघायचं तर काळ्या संघटनेचे टप्पे धरा. त्यातला सर्वांत दमदार 'क्लॅश ऑफ रेड अँड ब्लॅक', जपानी क्रमांक ४९१ ते ५०४, सलग चौदा भाग. तिथपर्यंत पोचाल तेव्हा फरक सातापेक्षा बराच मोठा झालेला असेल, म्हणून जपानी क्रमांक देणारी यादी शेजारी उघडून ठेवा.

आणि १००० व १००१ हे भाग बघून चक्रावू नका: मार्च २०२१मध्ये 'मूनलाइट सोनाटा' नव्याने बनवून दाखवली होती, आणि या वेळी जपाननेही तिचे दोन भाग मोजले.