मागची स्थिती वेगळ्या रकान्यात ठेवा

संपलेला माल परत आल्याची तुमची घोषणा कधी कधी जातच नाही. ती तुम्ही गूगल शीटमध्ये हाताने बदल केला की चालणाऱ्या onEdit मधल्या e.oldValue वर, म्हणजे सेलच्या जुन्या मूल्यावर सोपवली आहे, घोळ तिथेच आहे. जुनं मूल्य एकाच सेलमध्ये बदल केला तरच मिळतं; वीस ओळी एकदम पेस्ट केल्या की मिळत नाही. स्थिती सूत्राने बदलत असेल, तर onEdit चालतच नाही.

म्हणून ‘मागची स्थिती’ असा वेगळा रकाना करा आणि दर 5 मिनिटांनी चालणाऱ्या ट्रिगरने तो आताच्या स्थितीशी ताडून पाहा. मागे ‘संपला’ आणि आता ‘उपलब्ध’ असेल तरच संदेश पाठवा. अशा वेळी संदेश गेल्यानंतरच रकाना बदला; ‘उपलब्ध’चं ‘संपला’ झालं असेल, तर लगेच बदला. माझा क्रम उलटा होता. पाठवणी फसली, रकाना मात्र ‘उपलब्ध’ झाला आणि वाट पाहणाऱ्यांना कळलंच नाही. साठा 0 आणि 1 मध्ये हेलकावत असेल, तर सलग दोन फेऱ्यांत ‘उपलब्ध’ दिसेपर्यंत थांबा.