सूट द्यावी की वर्षभराचे काम दाखवावे?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत माझा स्क्रू कॉम्प्रेसरच्या देखभालीचा व्यवसाय आहे. एका फाउंड्रीच्या तीन मशीनची एएमसी मी सुट्या भागांसह वार्षिक 1,80,000 रुपयांना करतो. करार 31 मार्चला संपतो. त्यांच्या खरेदी विभागाकडे दुसऱ्याचे 1,50,000 चे कोटेशन आले असून ‘तेवढ्यात करा, नाहीतर बघू’ असा निरोप आहे. 30,000 रुपये सोडून ग्राहक टिकवावा का? खर्चाचा तक्ता आणि सर्व्हिस रिपोर्टच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

उत्तर : तुमच्या तक्त्यातला खर्च आधी एका ओळीत मांडून पाहू. महिन्याची एक अशा बारा भेटी आणि बिघाडाचे सात कॉल मिळून एकोणीस फेऱ्या झाल्या. कारागिराचा पगार आणि पेट्रोल धरून फेरीला 1,100 रुपये, म्हणजे 20,900. तेल, फिल्टर आणि सेपरेटर यांचे 92,000 आणि कार्यालयाचा वाटा 12,100 धरला की एकूण खर्च 1,25,000 होतो आणि तुमच्या हाती 55,000 उरतात. त्यातले 30,000 सोडले तर किंमत सहाव्या हिश्श्याने उतरलेली दिसेल, पण नफा निम्म्याहून अधिक जाईल. शिवाय एकदा उतरलेला दर पुढच्या वर्षी वर नेणे फार अवघड असते.

तेव्हा सरसकट सूट देऊ नये, असे माझे मत आहे. मात्र नुसते ‘आमची सेवा उत्तम आहे’ असे लिहूनही भागणार नाही. खरेदी विभागाला आकडा लागतो, आणि तोही असा की जो त्यांचा देखभाल प्रमुख स्वतः पडताळू शकेल.

असा आकडा तुमच्याच कागदांत पडून आहे. ऑगस्टमध्ये साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तुमच्या माणसाने हवेची सगळी वापराची ठिकाणे बंद ठेवून 37 किलोवॅटचे मशीन चालवले, तेव्हा ते 72 सेकंद लोडवर, म्हणजे हवा भरत, आणि 168 सेकंद अनलोडवर, म्हणजे नुसते फिरत, राहिले. कुणीही हवा वापरत नसताना 240 पैकी 72 सेकंद, म्हणजे 30 टक्के वेळ, ते केवळ गळती भरून काढत होते. गळतीच्या जागा शोधून बुजवल्यावर हेच प्रमाण 30 आणि 210 सेकंद झाले, म्हणजे साडेबारा टक्के. या महिन्यात पुन्हा केलेल्या चाचणीत ते साडेसतरा टक्क्यांपर्यंत चढलेले आहे. होज आणि कपलिंग पुन्हा सैल होतात, त्यामुळे यात नवल नाही. पण हा आकडा लपवू नका, कारण चाचणी दरवर्षी का लागते हे त्यातूनच आपोआप कळते.

याचे रुपये करताना हात आखडता ठेवावा. अनलोडवरही मशीन वीज खातेच. तुमच्या नोंदीप्रमाणे लोडवर 40 आणि अनलोडवर 12 किलोवॅट लागतात, म्हणजे खरी बचत या दोहोंतल्या 28 किलोवॅटच्या फरकावरच धरता येते. मूळच्या 30 टक्क्यांतून गळती सुरुवातीला साडेसतरा टक्क्यांनी उतरली होती आणि आता साडेबारा टक्क्यांनी कमी आहे, म्हणून सरासरी 15 टक्के घ्या; तासाला 4.2 युनिट वाचतात. रोज सोळा तास, महिन्याला पंचवीस दिवस आणि सहा महिने, असे 2,400 तास होतात. म्हणजे 10,080 युनिट, आणि त्यांच्या बिलातला सर्व आकार धरून पडणारा 9 रुपये दर लावला तर 90,720 रुपये. पत्रात ‘सुमारे 90,000’ एवढेच लिहावे.

वीजबिलाचा पुरावा मात्र देऊ नका. इंडक्शन फर्नेसच्या विजेपुढे हे युनिट बिलात शोधूनही सापडणार नाहीत, आणि ‘बिल तर वाढलेच आहे’ असे उत्तर येईल. कंट्रोलरवरचे लोड अवर्सही उत्पादनाबरोबर वरखाली होतात. सुट्टीच्या दिवशीची सेकंदांची चाचणी उत्पादनावर अवलंबून नाही, म्हणून तीच त्यांच्या देखभाल प्रमुखासमोर एकदा करून दाखवा. आणि श्रेय वाटून घ्या : कॉम्प्रेसर रूमबाहेरची पाइपलाइन तुमच्या करारात नाही, गळती तुमच्या माणसाने शोधली असली तरी ती बुजवली त्यांच्या फिटरने. हे पत्रात लिहिले की उरलेल्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

मे महिन्यातला बिघाडही त्याच कारणाने लिहावा. फाउंड्रीच्या धुळीने कूलर चोंदला, तापमान चढून मशीन ट्रिप झाले आणि नऊ तास बंद राहिले. ते खरेदी विभागाच्या लक्षात नसेल अशी आशा करू नये. त्यानंतर कूलर पंधरा दिवसांनी साफ होऊ लागला आणि पुन्हा एकही ट्रिप झाली नाही, हे रिपोर्टवरच्या तापमानाच्या रकान्यातून दिसते. त्यामुळे किती नुकसान टळले याचा आकडा मात्र काढू नका. न घडलेल्या बिघाडाची किंमत कुणी मान्य करत नाही.

आता ते 1,50,000 चे कोटेशन. त्यात सेपरेटर धरला आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुमच्या खरेदीप्रमाणे नगाला 14,000, तिघांचे 42,000 होतात. ते वेगळे लागणार असतील तर त्यांना तो करार 1,92,000 ला पडेल. गंमत अशी की सेपरेटर वगळून तुम्ही स्वतः 1,50,000 घेतले तर खर्च 83,000 वर येऊन तुमच्या हाती आजच्यापेक्षा जास्त, 67,000 उरतील. तरीही हा मार्ग मी ग्राहकाला सुचवणार नाही. सेपरेटर स्वतःच्या खिशातून बदलायचा म्हटले की तो लांबणीवर पडतो, तुंबलेल्या सेपरेटरमधून दाब पडतो, आणि दाब एक बार वाढवून मशीन चालवले की वीज साधारण सहा ते सात टक्के जास्त लागते. हे त्यांना सांगा. ऐकूनही तेच हवे असेल तर सेपरेटरविना 1,40,000 चा दर द्या. त्यात तुमचे 57,000 शाबूत राहतात.

सूट द्यायचीच असेल तर ती आगाऊ रकमेच्या बदल्यात द्या. आज तिमाही संपल्यावर बिल आणि दोन महिन्यांनी पैसे, म्हणजे रक्कम करार सुरू झाल्यापासून सरासरी साडेनऊ महिन्यांनी येते. तुमच्या कॅश क्रेडिटचे व्याज 11 टक्के आहे, त्या हिशेबाने या थांबण्याची किंमत सुमारे 15,700 रुपये होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण रक्कम दिल्यास 10,000 रुपये कमी, असे पत्रात लिहिता येईल. जीएसटीचे क्रेडिट त्यांना मिळते, म्हणून सर्व दर करापूर्वीचे मांडा.

पत्र एका पानाचे असावे आणि एक प्रत देखभाल प्रमुखाच्या हाती खरेदी विभागाआधी पडावी. आज फेब्रुवारीचा मध्य आहे, या आठवड्यातच द्या. होकार आला आणि आगाऊ 1,70,000 मिळाले, तर ते कॅश क्रेडिटमध्ये भरून व्याज वाचवा, पण दरमहा बारावा हिस्साच आपला समजा. सेपरेटर तुम्ही गेल्या वर्षी जानेवारीत उधारीवर आणले होते, हे तक्त्यात दिसते. यंदा त्यांचे 42,000 कॅश क्रेडिटच्या मर्यादेत शेवटपर्यंत मोकळे ठेवा.